नॉर्मन खिडकी (महत्तम प्रकाशाचा प्रश्न)

नॉर्मन खिडकीचा प्रश्न हा कलनशास्त्रातील महत्तम मूल्य शोधण्याचा एक प्रसिद्ध प्रश्न आहे. खाली आयत आणि त्यावर अर्धवर्तुळ अशा आकाराच्या खिडकीची एकूण परिमिती ठरलेली असताना, तिची रुंदी किती ठेवली म्हणजे तिच्यातून सर्वाधिक प्रकाश आत येईल, असा तो प्रश्न आहे. अर्धवर्तुळाचा व्यास आयताच्या रुंदीइतकाच असतो. खिडकीतून येणारा प्रकाश तिच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो असे गृहीत धरल्यास उत्तर असे येते : आयताची उंची अर्धवर्तुळाच्या त्रिज्येइतकी असावी. याचाच अर्थ असा, की खिडकीची कमानीसह एकूण उंची तिच्या रुंदीइतकी असावी, म्हणजे संपूर्ण खिडकी एका चौरसात नेमकी बसावी.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या (एनसीईआरटी) बारावीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात अवकलजाच्या उपयोगांवरील प्रकरणात हा प्रश्न १० मीटर परिमिती घेऊन दिलेला आहे. ३० मीटर परिमिती घेऊनही तो विचारला जातो. अशा खिडकीची रुंदी सुमारे साडेआठ मीटर येते. ती घराची खिडकी न राहता सभागृहाची कमान होते. हे आकडे गणिताच्या सोयीसाठी निवडलेले असतात. या लेखात घराला शोभेल अशी ५ मीटर परिमिती घेतली आहे.

नाव

इ.स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथे जी वास्तुशैली रूढ झाली तिच्यात दारे व खिडक्यांच्या माथ्यावर अर्धवर्तुळाकार कमान असे. त्यावरून या आकाराला गणिताच्या पुस्तकांत नॉर्मन खिडकी असे नाव पडले. नंतरच्या गॉथिक शैलीतील कमान टोकदार असते, त्यामुळे तिला पुढील सूत्रे लागू पडत नाहीत. महाराष्ट्रात अर्धवर्तुळाकार कमानी वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगीज चर्चांच्या अवशेषांत पाहावयास मिळतात. त्यांचा नॉर्मन लोकांशी संबंध नाही; अर्धवर्तुळाकार कमान त्याहून कितीतरी जुनी, रोमन बांधकामापासून चालत आलेली आहे.

प्रश्नाची मांडणी

अर्धवर्तुळाची त्रिज्या r, आयताची उभी बाजू h आणि खिडकीची रुंदी w = 2r मानली जाते. परिमितीत खालची आडवी बाजू, दोन उभ्या बाजू आणि वरची कमान एवढ्याच गोष्टी येतात. आयत आणि अर्धवर्तुळ जिथे मिळतात ती आडवी रेषा खिडकीच्या आत असते, म्हणून ती परिमितीत मोजली जात नाही. त्यामुळे

P = 2r + 2h + πr

A = 2rh + πr²/2

यांत P ही परिमिती दिलेली आहे आणि A हे क्षेत्रफळ सर्वाधिक करावयाचे आहे. पहिल्या समीकरणावरून h ची किंमत काढून दुसऱ्यात घातली की क्षेत्रफळ केवळ त्रिज्येवर अवलंबून राहते :

h = (P − (2 + π)r)/2

A = Pr − ((4 + π)/2) r²

उभ्या बाजूची लांबी ऋण असू शकत नाही, म्हणून r ची किंमत शून्य ते P/(2 + π) या मर्यादेत असते. वरच्या टोकाला h शून्य होऊन खिडकीचे नुसते अर्धवर्तुळ उरते. खालच्या टोकाला खिडकीची नुसती उभी फट होते आणि क्षेत्रफळ शून्यावर येते.

उकल

A चा r सापेक्ष अवकलज P − (4 + π)r असा येतो. तो शून्य केल्यास

r = P/(4 + π), h = P/(4 + π), w = 2P/(4 + π)

दुसरा अवकलज −(4 + π) हा सर्वत्र ऋण आहे, म्हणून येथे मिळालेले मूल्य महत्तमच आहे. त्या वेळचे क्षेत्रफळ P²/(2(4 + π)) इतके असते.

π ऐवजी २२/७ घेतल्यास 4 + π चे मूल्य ५०/७ होते आणि रुंदी परिमितीच्या बरोबर २८ टक्के येते. हा आकडा लक्षात ठेवण्यास सोपा आहे : ५ मीटर परिमितीच्या खिडकीची रुंदी १.४० मीटर, १० मीटरच्या खिडकीची २.८० मीटर.

h आणि r सारखेच का निघावेत, हे अवकलज न घेताही समजू शकते. खिडकीची त्रिज्या अगदी थोडी, δ इतकी, वाढवली असे मानावे. आयत दोन्ही बाजूंना रुंदावल्यामुळे 2hδ इतके क्षेत्रफळ वाढते आणि कमान मोठी झाल्यामुळे πrδ इतके वाढते. मात्र खालची बाजू व कमान लांबल्यामुळे जी लांबी जास्त लागली ती उभ्या बाजूंतून काढावी लागते. त्यामुळे आयताची उंची घटते आणि (2 + π)rδ इतके क्षेत्रफळ कमी होते. लाभ तोट्यापेक्षा जास्त आहे तोवर खिडकी रुंद करत जाणे फायद्याचे असते. दोन्ही समान होतात तेव्हा 2h + πr = (2 + π)r, म्हणजेच h = r. उभी बाजू त्रिज्येपेक्षा मोठी असेल तर खिडकी गरजेपेक्षा अरुंद आहे आणि लहान असेल तर गरजेपेक्षा रुंद आहे, एवढे पाहून तयार खिडकीची पारख करता येते.

आत बसणारे वर्तुळ

या उत्तराचा एक भूमितीय अर्थ आहे. कमानीचे अर्धवर्तुळ खाली पुढे काढून पूर्ण वर्तुळ केले, तर महत्तम क्षेत्रफळाच्या खिडकीत ते वर्तुळ खालच्या बाजूला आणि दोन्ही उभ्या बाजूंना नेमके स्पर्श करते. खिडकीच्या सर्व कडा अशा रीतीने एकाच केंद्रापासून सारख्या अंतरावर येतात आणि क्षेत्रफळाचे सूत्र A = Pr/2 इतके साधे होते. वर्तुळाला बाहेरून स्पर्श करणाऱ्या बहुभुजाकृतींचे क्षेत्रफळही याच सूत्राने काढतात. ठरलेल्या कोनांच्या व ठरलेल्या परिमितीच्या बहुभुजाकृतींमध्ये जिच्यात वर्तुळ असे बसते तिचे क्षेत्रफळ सर्वाधिक असते, हे स्विस गणितज्ञ लुइलिए यांचे प्रमेय आहे. खिडकीचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

परिमिती ५ मीटर असताना चौरस खिडकीचे क्षेत्रफळ सुमारे १.५६ चौरस मीटर, उत्तम नॉर्मन खिडकीचे १.७५ आणि पूर्ण वर्तुळाकार खिडकीचे १.९९ चौरस मीटर असते. ठरलेल्या परिमितीत वर्तुळ सर्वाधिक जागा व्यापते. नॉर्मन खिडकीचा वरचा अर्धा भाग वर्तुळाचा आणि खालचा अर्धा चौरसाचा असल्याने तिचे मूल्य या दोहोंच्या मध्ये पडते.

रुंदी चुकल्यास किती प्रकाश जातो

क्षेत्रफळाचे सूत्र वर्गपदीचे असल्यामुळे त्याचा आलेख खाली तोंड असलेला अन्वस्त असतो आणि माथ्याजवळ तो जवळजवळ सपाट असतो. उत्तम त्रिज्येला R म्हटल्यास, वर्ग पूर्ण करून असे दाखवता येते की

घट = ((r − R)/R)²

ही घट महत्तम क्षेत्रफळाच्या तुलनेत मोजलेली आहे. रुंदी दहा टक्क्यांनी चुकली तर प्रकाश केवळ एक टक्क्याने कमी होतो. वीस टक्क्यांनी चुकली तर चार टक्क्यांनी. रुंदी जास्त झाली काय किंवा कमी झाली काय, घट सारखीच. ५ मीटर परिमितीसाठी काही रुंदी आणि त्यांचे परिणाम असे आहेत :

| रुंदी (मी.) | एकूण उंची (मी.) | क्षेत्रफळ (चौ.मी.) | महत्तमाच्या तुलनेत |
|---|---|---|---|
| ०.८० | १.८७ | १.४३ | ८२% |
| १.०० | १.७१ | १.६१ | ९२% |
| १.२० | १.५६ | १.७१ | ९८% |
| १.४० | १.४० | १.७५ | १००% |
| १.६० | १.२४ | १.७१ | ९८% |
| १.९४ | ०.९७ | १.४९ | ८५% |

शेवटची ओळ उभ्या बाजू नसलेल्या, नुसत्या अर्धवर्तुळाची आहे.

उदाहरण : पनवेल येथील एक खोली

रायगड जिल्ह्यातील पनवेलचे हवामान किनारी कोकणाप्रमाणे उष्ण व दमट आहे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार अशा हवामानात राहण्याच्या खोलीतील खिडक्यांचे चौकटीसह एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-षष्ठांश असावे लागते. कोरड्या व उष्ण हवामानात एक-दशांश पुरते. प्रत्यक्ष बांधकाम परवानगी स्थानिक नियमांनुसार मिळते, पण तुलनेसाठी हे प्रमाण उपयोगी आहे.

पनवेलमध्ये ३ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब अशी एक खोली आहे आणि तिला एकच खिडकी ठेवायची आहे, असे मानले तर जमीन १०.५ चौरस मीटर भरते आणि खिडकी किमान १.७५ चौरस मीटर लागते. खिडकीच्या बाहेरील कडेला लावण्याची लोखंडी पट्टी लांबीवर विकली जाते आणि ती ५ मीटरच उपलब्ध आहे. वरील तक्त्यावरून दिसते की हे प्रमाण केवळ १.४० मीटर रुंदीलाच, तेही जेमतेम, पाळले जाते. एक मीटर रुंदीची, दिसायला सुबक अशी उंच खिडकी केल्यास ती सुमारे ९.६ चौरस मीटरच्या खोलीलाच पुरेल.

पण १.४० मीटर रुंद आणि तेवढीच उंच खिडकी भिंतीत बसकी दिसते आणि तिच्या कमानीला भिंतीवर बरीच जागाही लागते. घरमालकाला १.२० मीटरच रुंदी हवी असेल तर पट्टी किती वाढवावी लागेल, हेही याच सूत्रातून निघते. r = ०.६० ठेवून क्षेत्रफळ १.७५ करावयाचे, तर P ची किंमत सुमारे ५.०६ मीटर येते. म्हणजे केवळ सहा सेंटिमीटर जास्त पट्टीत १.२० मीटर रुंद व सुमारे १.५९ मीटर उंच खिडकी प्रमाणात बसते. माथ्याजवळ आलेख सपाट असण्याचा व्यवहारातील अर्थ हाच आहे : परिमिती किंचित वाढवण्याची तयारी असेल तर रुंदी निवडण्याची मोकळीक बरीच मिळते.

चौकटीची जाडी

खिडकीला सर्व बाजूंनी सारख्या जाडीची चौकट असेल तर काच लागणारी मोकळी जागा लहान होते. चौकटीची जाडी t मानल्यास आतल्या मोकळ्या भागाची परिमिती P − (4 + π)t इतकी होते. ती r वर अवलंबून नाही, म्हणून बाहेरच्या मापाने जी रुंदी उत्तम ठरते तीच आतल्या मापानेही उत्तम ठरते. आकार तोच राहतो. प्रकाश मात्र बराच कमी होतो. वरील खिडकीला ६ सेंटिमीटर जाडीची चौकट बसवली तर मोकळे क्षेत्रफळ १.७५ वरून सुमारे १.४६ चौरस मीटरवर येते. रुंदी दहा टक्क्यांनी चुकल्याने जेवढे नुकसान होते त्याच्या कितीतरी पट नुकसान जाड चौकटीने होते.

आडवी पट्टी मोजल्यास

आयत आणि कमान यांच्या मध्ये आडवी पट्टी असेल आणि तिचाही खर्च ठरलेल्या लांबीतूनच भागवायचा असेल तर प्रश्न बदलतो. तेव्हा P = 4r + 2h + πr असे समीकरण होऊन r = P/(8 + π) आणि h = 2r असे उत्तर येते. आता संपूर्ण खिडकी चौरसात बसत नाही. कमानीखालचा भागच चौरस होतो. ५ मीटर लांबीत खिडकीची रुंदी सुमारे ०.९० मीटर आणि क्षेत्रफळ केवळ १.१२ चौरस मीटर भरते.

विद्यार्थ्यांच्या हातून सर्वाधिक होणारी चूक हीच आहे. प्रश्नात केवळ परिमिती म्हटलेले असताना आयताची चारही बाजूंची परिमिती आणि कमान यांची बेरीज केली जाते. उत्तर तपासण्याची खूण सोपी आहे : उभी बाजू त्रिज्येच्या दुप्पट आली असेल तर आतली रेषा चुकून मोजली गेली आहे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रुंदीलाच त्रिज्या मानून कमानीची लांबी πw लिहिणे. कमानीची खरी लांबी πw/2 असते.

रंगीत काच, छज्जा आणि गृहीतकाच्या मर्यादा

खिडकीच्या प्रत्येक भागातून सारखाच प्रकाश येतो, या गृहीतकावर सारे उत्तर उभे आहे. जुन्या घरांतील कमानींत पुष्कळदा रंगीत काचा असतात. कमानीतून प्रति चौरस मीटर येणारा प्रकाश साध्या काचेच्या k पट असेल तर उत्तम त्रिज्या अशी होते :

r = P/(4 + 2π − kπ)

k = 1 असताना मूळचेच उत्तर मिळते. रंगीत काचेतून निम्माच प्रकाश येत असेल (k = 1/2) तर ५ मीटर परिमितीत रुंदी सुमारे १.१५ मीटर आणि कमानीसह उंची १.६० मीटर ठेवावी लागते. मूळची १.४० मीटर रुंदी तशीच ठेवल्यास जवळपास पाच टक्के प्रकाश गमावला जातो. कमान लाकडी फळीने पूर्ण बंद असेल (k = 0) तर उभी बाजू परिमितीच्या एक-चतुर्थांश, म्हणजे १.२५ मीटर येते. कमानीतून येणारा प्रकाश जसजसा कमी होतो तसतशी उत्तम खिडकी अरुंद व उंच होत जाते.

कोकणात पावसापासून बचावासाठी खिडकीवर छज्जा काढतात आणि त्याची सावली प्रथम कमानीवरच पडते. पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे विषुवदिनी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंशांवर असतो. अशा वेळी दक्षिणेकडील खिडकीचा वरचा भाग लहान छज्ज्यानेही झाकला जातो. डिसेंबरमध्ये सूर्य सुमारे ४८ अंशांपर्यंत खाली असतो, तेव्हा तोच छज्जा कमानीचा बराच भाग मोकळा ठेवतो. त्यामुळे k ची एकच किंमत वर्षभर धरता येत नाही. जाड भिंतीत खोल बसवलेल्या खिडकीत तिरपा प्रकाश भिंतीच्या कडांवर अडतो, हाही परिणाम सूत्रात येत नाही. शिवाय उंच खिडकीचा प्रकाश खोलीत अधिक आतपर्यंत पोहोचतो, तर बसक्या खिडकीचा प्रकाश खिडकीजवळच राहतो. सूत्र एकूण किती प्रकाश आत येतो एवढेच सांगते, तो खोलीत कोठे पडतो हे सांगत नाही.

खर्चाचेही असेच आहे. परिमिती ठरलेली आहे असे म्हणताना सरळ पट्टी आणि वाकवलेली पट्टी यांची किंमत सारखीच मानली जाते. प्रत्यक्षात कमान वाकवण्याची मजुरी वेगळी पडते. कमानीचा दर सरळ पट्टीच्या दुप्पट धरला आणि एकूण खर्च ५ मीटर सरळ पट्टीइतकाच ठेवला, तर उत्तम रुंदी सुमारे ०.७४ मीटर आणि उभी बाजू ०.९६ मीटर येते. उभी बाजू येथे त्रिज्येच्या अडीच पटींहून अधिक आहे.